एकाच शॉटमधलं भाषण कापताना

कुसुमाग्रज स्मारकातलं ते चाळीस मिनिटांचं भाषण एकाच कॅमेऱ्यावर आहे ना? मग आधी नुसतं ऐकून काप. अडखळणं, पुनरुक्ती काढ. चित्र उड्या मारेना का.

मग एकेका उडीपाशी थांब. तिथे नवा मुद्दा सुरू होत असेल, तर पुढचा तुकडा १३० टक्क्यांवर ने आणि वक्त्याचे डोळे आधीच्याच उंचीवर ठेव. ११० वर झूम वाटतच नाही, नुसता धक्का बसतो. शूट फोरके आणि टाइमलाइन फुल एचडी, म्हणून २०० पर्यंत चित्र फुटणार नाही.

वाक्याच्या मधेच कापलं असेल, तिथे श्रोत्यांचा शॉट टाक; कापाच्या अर्धा सेकंद आधीपासून, खाली भाषण चालूच. फक्त टाळ्या वाजवणारे हात नकोत. आवाजात टाळ्या नसतात आणि लबाडी उघडी पडते. माझी पडली होती, तीही आयोजकांसमोर.