आधी बंधन कुठून आलं ते बघ

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रविवारी वाचली. त्यातलं एक वाक्य मनात रुतून बसलं: "सर, डिसेंबर २०२४ नंतर भारतीयांना दोन वर्षांची अट उरलेली नाही ना?" हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या भरवशावर तू पुढच्या नोकरीची आखणी करते आहेस. फोनवर हे सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर अमेरिकेला गेलेल्या माणसाने मायदेशी दोन वर्षं काढावीत, ही अट अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याच्या कलम २१२(ई) मध्ये आहे. ती प्रत्येकाला लागत नाही. तुझ्या कार्यक्रमात अमेरिकेच्या किंवा आपल्या सरकारचा पैसा असला तर लागते. तुझा विषय 'स्किल्स लिस्ट'मध्ये, म्हणजे कोणत्या देशाला कोणती कौशल्यं हवीत त्या यादीत, तुझ्या देशाच्या नावापुढे असला तर लागते. आणि डॉक्टर होऊन तिथे रेसिडेन्सीला गेलेल्यांना लागतेच. ९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ती स्किल्स लिस्ट नव्याने काढली आणि त्यातून भारताचं नाव गेलं. आधी गेलेल्यांनाही त्याचा फायदा मिळाला. पण यात फक्त यादीचं कारण संपलं. सरकारी पैशाचं कारण आणि डॉक्टरांचं कारण जिथल्या तिथे आहे.

आता तुझे दोन डीएस-२०१९, म्हणजे जे-१ साठी प्रायोजक देतो ते कार्यक्रमाचे दाखले, शेजारी शेजारी ठेव. दुसरा, ऑगस्ट २०२३ चा, पोस्टडॉकचा. त्यात पगार विद्यापीठाकडून दाखवला आहे आणि तो तुझ्या प्राध्यापकांच्या संशोधन अनुदानातून येतो. अनुदान केंद्रीय संस्थेचं असल्यामुळे तू घाबरली होतीस, पण ते घाबरणं अनाठायी आहे. कायदा बघतो तो आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीसाठी म्हणून दिलेला पैसा. प्रयोगशाळेला संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानातून पगार झाला, एवढ्यावर बंधन लागत नाही. तेव्हा या दुसऱ्या कागदाला चिकटू शकत होती ती फक्त स्किल्स लिस्ट, आणि ती आता गेली.

पहिला कागद मात्र काढून नीट वाच. २०२१ साली तू पीएचडी करताना फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर नऊ महिने गेली होतीस. त्यावरचा कार्यक्रम क्रमांक 'जी'ने सुरू होतो, म्हणजे सरकारी कार्यक्रम. खासगी प्रायोजकांचे क्रमांक 'पी'ने सुरू होतात. पाचव्या चौकटीत पैसा कुणाचा ते लिहिलेलं असतं. २००८ च्या करारापासून या शिष्यवृत्तीत दोन्ही सरकारं पैसा घालतात, त्यामुळे इथे वादाला जागाच नाही. आणि एकदा लागलेलं बंधन नव्या डीएस-२०१९ ने पुसलं जात नाही. ते फेडेपर्यंत किंवा माफ होईपर्यंत तुझ्यामागे चालत राहतं, मधे कितीही व्हिसे बदललेस तरी.

तुझ्या नव्या व्हिसावर 'दोन वर्षांची अट लागू नाही' असा शेरा आहे, असं तू लिहिलंस. त्या शेऱ्यावर विसंबू नकोस. तो खिडकीतल्या अधिकाऱ्याने समोरच्या कागदांवरून मारलेला असतो आणि तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. खात्रीचं उत्तर हवं तर परराष्ट्र खात्याच्या वेव्हर रिव्ह्यू डिव्हिजनकडून लेखी सल्ला मागव. आजवरचे सगळे डीएस-२०१९ जोडायचे, फुलब्राइटचा आधी.

हे बंधन नेमकं काय अडवतं, याचेही लोक वाटेल ते अर्थ लावतात. नोकरीचा एच-१बी, कंपनीतल्या बदलीचा एल-१, अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्ताचा व्हिसा आणि ग्रीन कार्ड एवढं बंद. शिवाय अमेरिकेत बसल्या बसल्या दुसऱ्या प्रकारात जाणं बहुतेक बंद. भारतातून विद्यार्थ्याच्या एफ-१ चा किंवा असामान्य कामगिरीवर मिळणाऱ्या ओ-१ चा शिक्का घेऊन परत जाण्याला मात्र आडकाठी नाही. फक्त त्याने बंधन फिटत नाही. अमेरिकन नागरिकाशी लग्न करूनही फिटत नाही. (तुझ्या आईला हे वाक्य वाचून दाखवू नकोस.)

आता माफीचं बघू. मी स्वतः 'नोरी', म्हणजे आपल्या सरकारची ना-हरकत, काढली होती म्हणून तू मला विचारलंस. तर ऐक. माझं बंधन स्किल्स लिस्टचं होतं, सरकारचा एक पैसाही नव्हता. अशा माणसाला आपल्या सरकारने 'हा परत आला नाही तरी आमची हरकत नाही' असं लिहून दिलं की अमेरिका साधारणपणे माफी देते. आधी माफीचा अर्ज डीएस-३०३५ ऑनलाइन भरायचा, १२० डॉलर, आणि केस नंबर घ्यायचा. मग इकडची तीन दारं: दिल्लीत शिक्षण मंत्रालय, मुंबईत राज्याचा गृह विभाग आणि पासपोर्ट जिथून काढला ते पासपोर्ट कार्यालय. तिघांचे ना-हरकत दाखले जमले की भारतीय दूतावास पत्र काढतो, आणि ते थेट परराष्ट्र खात्याला जातं, तुझ्या हातात येत नाही. माझे वडील फाइलच्या मागे फिरत होते. एका कार्यालयात ती चार महिने पडून राहिली, कारण पोलिस अहवालात आडनावाचं एक अक्षर वेगळं होतं आणि ते कुणी आम्हाला कळवलं नव्हतं. वडील चौथ्यांदा गेले तेव्हा एका शिपायाने फाइल उघडून बोट ठेवून दाखवलं.

खरा फटका त्यानंतरचा. परराष्ट्र खात्याची शिफारस निघाली, आम्ही पेढे वाटले आणि आठवड्याभरात विद्यापीठाचा निरोप आला की आता तुमचा डीएस-२०१९ वाढवता येणार नाही. नियमच तसा आहे. माफीची शिफारस झाली की जे-१ ला मुदतवाढ नाही. माझा कागद सात आठवड्यांत संपत होता आणि नव्या नोकरीचा एच-१बीचा अर्ज तयारच नव्हता. माफीचं पत्र खिशात घेऊन मी पुण्याला परतलो. म्हणून कुणी माफी मागायला निघालं की मी पहिलं हेच विचारतो की डीएस-२०१९ किती तारखेपर्यंत आहे.

तुझ्या बाबतीत ही वाट मला दिसत नाही. अमेरिकन सरकारने देवाणघेवाणीसाठी दिलेला पैसा असला की आपल्या सरकारच्या ना-हरकतीला तिथे फारसं वजन राहत नाही. फुलब्राइटवाल्यांना अशी माफी क्वचितच मिळते. नवरा किंवा मूल अमेरिकन नागरिक असेल तर असह्य हालअपेष्टांचं कारण देता येतं, पण तिथे दोन्ही बाजू सिद्ध कराव्या लागतात: ते तुझ्याबरोबर भारतात आले तरी हाल आणि तुझ्याशिवाय तिथे राहिले तरी हाल. तुला ते लागूच नाही. एखादी केंद्रीय संस्था 'ही गेली तर आमचं काम अडेल' असं लिहून देऊ शकते, पण प्राध्यापकांचं कौतुकाचं पत्र म्हणजे संस्थेचं पत्र नव्हे. आणि डॉक्टरांची ती मागास भागात तीन वर्षं काम करण्याची योजना, राज्यामागे वर्षाला तीस जागांची, फक्त डॉक्टरांसाठीच आहे.

मग उरतं काय? दिवस मोजणं. ही दोन वर्षं सलग लागत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी जमा झालेली चालतात. तू १० जून २०२२ ला मुंबईत उतरलीस आणि १४ ऑगस्ट २०२३ ला परत उडालीस. यायचा-जायचा दिवस सोडून देऊ, उगाच वाद नको. ११ जून २०२२ ते १३ ऑगस्ट २०२३ हे ४२९ दिवस होतात. मधे परिषदेसाठी जर्मनीला गेलीस, प्रवासासकट २१ दिवस. ते भारतात काढलेले नाहीत, म्हणून वजा. राहिले ४०८. दोन वर्षांचे ७३० धरले तर बाकी ३२२, म्हणजे साडेदहा महिने. दोन वर्षं म्हणून तू ज्याची धास्ती घेतली आहेस ते इतकंच आहे. नाताळच्या सुट्टीत घरी आलेले दिवसही त्यात घालता येतात का, ते लेखी सल्ला मागवताना विचार. मी ते हिशेबात धरलेले नाहीत.

पुरावा मात्र चोख हवा. पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं, त्या चौदा महिन्यांत विभागात घेतलेल्या पगाराच्या पावत्या, आयकराचं विवरण. शिक्के कधी पुसट उमटतात, म्हणून बाकीचं जवळ ठेव.

दोन गोष्टी तुला बोचतील. एक म्हणजे, पोस्टडॉक संपवून आलीस की 'रिसर्च स्कॉलर' म्हणून परत जाण्यावर २४ महिन्यांची वेगळी बंदी आहे. ती या बंधनाहून निराळी. ३२२ दिवस पुरे झाले म्हणून ती उठत नाही, आणि माफी मिळाली असती तरी उठली नसती. नुसत्या 'दोन वर्षं' या शब्दामुळे लोक दोन्हींची खिचडी करतात.

दुसरी गोष्ट पैशाची. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावले. घोषणा बारा महिन्यांसाठी होती. तू भारतात दिवस भरत असताना अर्ज झाला तर हा प्रश्न थेट तुझ्या अंगावर येतो, आणि विद्यापीठ असल्यामुळे एच-१बीच्या लॉटरीतून सूट मिळते तशी यातून आपोआप मिळत नाही. म्हणून ज्यांनी नोकरी देऊ केली आहे त्यांना आत्ताच, राजीनाम्याच्या आधी, विचार की तू सुमारे अकरा महिन्यांनी रुजू झालीस तर ते थांबतील का आणि त्या दिवशी जी फी असेल ती भरतील का. नाही म्हणाले तर ओ-१ चं बोलणं कर. तुझे शोधनिबंध, तू परीक्षक म्हणून केलेली कामं यावर ती उभी राहील असं मला वाटतं, पण ते वकिलाने ठरवायचं. ओ-१ ला हे बंधन आड येत नाही, शिक्का तेवढा बाहेरून आणावा लागतो. ग्रीन कार्डाच्या वेळी मात्र हे ३२२ दिवस पुन्हा दारात उभे राहतील, हे धरून चाल.

इकडच्या दहा महिन्यांसाठी विभागात एक तात्पुरती जागा निघते आहे. ती तुझ्यासाठी राखून ठेवली असं नाही, जाहिरात येईल तेव्हा कळवतो. तोवर दोन्ही डीएस-२०१९ आणि पासपोर्टची सगळी पानं, कोरी धरून, स्कॅन करून पाठव. जर्मनीच्या तारखा मी तुझ्या मेलवरून घेतल्या आहेत, शिक्क्यावरून पडताळून बघायच्या आहेत.

तुझे
सर