पहाटे दिवा लाव

‘ताई, मी ३६ वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी. गजर साडेपाचचा, पण चारलाच जाग येते. डोळे उघडताच छातीत धडधड, पोटात गोळा. लोकल, ऑडिट, मुलाची फी, सगळं एकदम अंगावर येतं. हॉलमधून गेलं की सासूबाईंची झोप मोडते, म्हणून गजर होईपर्यंत तशीच पडून असते. मन शांत करणारं सकाळचं काहीतरी सांगा ना.’

अगं, ते पडून राहणं आधी थांबव. ऑडिट आणि फीचं नंतर बघू.

पहाटे कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक शरीरात वाढतच असतं, आणि जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात आणखी चढतं. आपल्याला उठवायची शरीराची ती रीतच आहे. उठून कामाला लागणाऱ्याला ते जाणवतही नाही. अंधारात निश्चल पडलेलीला मात्र छातीतला ठोका न् ठोका ऐकू येतो आणि मन त्याला कारणं शोधत बसतं. असे काही आठवडे गेले की अंथरूण आणि काळजी यांची गाठच बसते. म्हणूनच झोपेचे डॉक्टर सांगतात, अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरूण सोडा.

तेव्हा ऊठ. सासूबाईंची झोप मोडली तर मोडू दे. त्या दुपारी घटकाभर आडव्या होऊ शकतात, तुला काउंटरवर तेवढीही सोय नाही.

मोबाइल खोलीतच ठेव. स्वयंपाकघरात ट्यूब नको, छोटा दिवा लाव आणि खुर्चीत टेकून बस. चार मोजत नाकाने श्वास घे, सहा मोजत सोड, पाच मिनिटं. सोडताना नाडी जरा मंदावते, म्हणून सोडणं लांब हवं. बोटांना मुंग्या आल्या, गरगरलं, तर तू जोर लावून फार हवा ओढते आहेस; श्वास हलका घे.

मग वहीत, छळतंय ते एका ओळीत लिही आणि पुढे त्याची वेळ टाक: ‘ऑडिटची फाइल, ११ वाजता साहेबांना विचारणे.’ वेळ टाकली नाहीस तर ती काळजीच कागदावर उतरली, काम नाही. डोळे जड झाले तरच परत आत जा. कडक चहा उजाडल्यावर, काहीतरी खाऊन. रिकाम्या पोटी तो धडधड वाढवतो.

पहिला आठवडा थकवा येईल. रविवारी दुपारी झोपून तो भरून काढू नकोस, नाहीतर रात्रीची झोप आणखी विस्कटेल. आणि दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉईडही तपासून घे. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, रात्रीही उचलतात, पैसे पडत नाहीत.

आज रात्री जेवतानाच सासूबाईंना सांगून टाक की उद्यापासून पहाटे स्वयंपाकघरात दिवा लागेल. परवानगी मागू नकोस, नुसतं सांग.