राजीनामा मागे घ्यायचाय? आधी कामाचा शेवटचा दिवस बघ

वेर्ण्याच्या कंपनीत तू १ जूनला ३० दिवसांची नोटीस दिलीस, आता २० जूनला विचार बदलला, आणि एचआर म्हणतं, ‘आम्ही स्वीकारलाय, विषय संपला.’ घाबरू नकोस, विषय अजून संपलेला नाही. पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालय १९७८ पासून सांगत आलंय. मध्ये आलेल्या स्वीकृतीनेही तो हक्क सहसा जात नाही. मात्र नेमणूकपत्रात वेगळी अट असेल तर ती आड येते, म्हणून ते आधी नीट वाच.

आपल्या कोकण रेल्वेचंच उदाहरण घे. एका कर्मचाऱ्याने डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये मागे घेतला. एप्रिलमध्येच स्वीकारला होता, असं व्यवस्थापनाचं म्हणणं. पण ते पत्र त्याच्या हाती पडल्याचा पुरावाच नव्हता, उलट त्याला कामावर बोलावलं जात होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत घ्यायला लावलं.

म्हणून आजच दोन ओळींचा ईमेल कर, स्पीड पोस्टानेही पाठव आणि पोचपावती जपून ठेव. तोंडी बोलणं पुराव्याला टिकत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत हजेरी चुकवू नकोस.

उलट कुणाला जायचंच असेल तर कंपनी त्याला बांधून ठेवू शकत नाही. फार तर नोटीसचे पैसे कापेल. चौकशी चालू असेल तर मात्र राजीनामा अडवता येतो.

खाजगी नोकरीत मॅनेजरला न्यायालय सहसा परत बसवत नाही, भरपाईवर भागतं. तू कामगार वर्गात मोडत असशील तर पणजीला पाट्टोवर कामगार आयुक्तांकडे अर्ज दे.