साठ कॉल, एक क्रमवारी: आधी तक्रारीची हद्द ठरवा

प्रश्न: "आमच्या इंदूरच्या कंपनीत वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस झाली की ग्राहकांना फोन करून विचारतात. अशा ५४ कॉलचा लिहून काढलेला मजकूर माझ्याकडे आलाय. साहेबांना सर्वांत जास्त येणाऱ्या तक्रारी क्रमानं हव्यात, आणि प्रत्येकीखाली ग्राहकांचीच वाक्यं. मी 'लेट', 'खराब', 'महंगा', 'नहीं' असे शब्द शोधून मोजले, पण जो क्रम आला तो मलाच पटत नाही. कुठे चुकतंय?"

मीही इंदूरचाच आणि दोन वर्षांपूर्वी याच धंद्यातल्या एका कंपनीसाठी ६० कॉलवर हेच काम केलं होतं. माझी पहिली क्रमवारी चुकली होती. कशी चुकली आणि कशी सुधारली, ते सांगतो. तुमचे कॉल जवळपास त्याच जातीचे दिसतात.

शब्द शोधून मोजणं आपल्या गावात तर फारच धोक्याचं. इथे लोक 'नहीं' म्हणत नाहीत, 'नी' म्हणतात. "भिया, आदमी आया नी अभी तक." तुम्ही 'नहीं' शोधलंत तर हे वाक्य हाती लागणारच नाही. त्याहून वाईट म्हणजे लिहून काढणाऱ्यानं किंवा मशीननं तो पुसटसा 'नी' गाळला, तर उरतं "आदमी आया अभी तक", म्हणजे तक्रारच पुसली जाते. माझ्या ६० पैकी चार मजकुरांत असं झालेलं सापडलं. वाक्य अर्धवट किंवा विचित्र वाटलं की मी मूळ रेकॉर्डिंग ऐकायचो, आणि तेवढ्यानं काम भागलं. दुसरी गंमत उलट्या बाजूची: "लेट तो नी हुआ, पर बताके नी आया." यात 'लेट' शब्द आहे, पण उशिराची तक्रार नाही. आणि खरी उशिराची तक्रार बहुतेक वेळा 'लेट' न म्हणताच येते: "कल-कल कर रिये थे, चार दिन निकल गए." त्यामुळे कॉल वाचावेच लागतात. ५४ कॉल दीड-दोन दिवसांत वाचून होतात.

वाचताना एका कॉलला एक ओळ आणि एका तक्रारीला एक रकाना, असा तक्ता करा. तक्रार त्या कॉलमध्ये आली तर १, नाही तर ०. ग्राहकानं तीच गोष्ट सात वेळा सांगितली तरी १च. चिडका ग्राहक पुन्हा पुन्हा बोलतो. त्याचा प्रत्येक उच्चार मोजला तर एकट्या माणसाच्या रागानं क्रमवारी हलते. एका कॉलमध्ये तीन तक्रारी असतील तर तिन्ही रकान्यांत १ घाला. मग टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाईल, ती तशीच राहू द्या.

आता मुख्य मुद्दा, जिथे मी फसलो. तक्रारीचे रकाने किती बारीक पाडता, त्यावर क्रम ठरतो. माझ्या पहिल्या तक्त्यात 'पाण्याची चव' १७ कॉलमध्ये होती आणि पहिली आली. 'बिलाचे पैसे' दुसरे आले. त्यांच्याखाली 'माणूस सांगितल्या दिवशी आला नाही' ११, 'फोन उचलत नाहीत' ९, 'दिवस परस्पर बदलला' ८. मी ते तसंच नेऊन दिलं. तिथल्या सर्व्हिसच्या प्रमुखांनी विचारलं, "या शेवटच्या तिन्ही गोष्टी आमच्याकडे एकच बाई सांभाळतात. तिचं वेळापत्रक नीट झालं तर तिन्ही बंद होतील. मग तीन वेगळ्या का?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी एकाच दुखण्याचे तीन तुकडे करून प्रत्येकाला खाली ढकललं होतं, आणि चवीचा मात्र एकच मोठा रकाना ठेवला होता.

तेव्हापासून माझा नियम असा: ज्या तक्रारी एकाच माणसाकडे जातात आणि एकाच दुरुस्तीनं मिटतात, त्या एका रकान्यात. पण जोडताना आकड्यांची सरळ बेरीज करू नका. ११, ९ आणि ८ मिळून २८ होतात, पण पाच कॉलमध्ये यातल्या दोन तक्रारी होत्या आणि एकामध्ये तिन्ही. म्हणजे वेगवेगळे कॉल २१च. हे तक्त्यातच होतं. समजा ते तीन रकाने D, E, F आहेत आणि कॉल ओळ २ ते ६१ मध्ये आहेत:

```
G2:   =MAX(D2:F2)
G62:  =SUM(G2:G61)
```

G2 चं सूत्र खाली ६१पर्यंत ओढा. तिन्हींपैकी कुठेही १ असेल तर G मध्ये १ येतं, आणि एक कॉल एकदाच मोजला जातो. माझ्याकडे G62 मध्ये २१ आले, आणि 'सांगून कोणी येत नाही' ही वाट पाहण्याची तक्रार चवीच्या वर गेली.

रकान्याला नाव देताना निदान करू नका. ग्राहक म्हणतो, "सर्विस के बाद भी पानी खारा लग रिया है." मेंब्रेन बदललाच नाही की बदललेला हलका निघाला, हे त्याला माहीत नाही आणि तुम्हालाही कॉलवरून कळणार नाही. म्हणून नाव 'सर्व्हिसनंतरही पाणी खारट', 'मेंब्रेन खराब' नव्हे. कारण शोधणं टेक्निशियनचं काम; तुमचा आकडा त्याला कुठे पाहायचं ते सांगेल.

यानंतर फोन करणाऱ्या मुलीचे प्रश्न बघा. ही गोष्ट मला उशिरा लक्षात आली. आमच्याकडे ठरलेल्या प्रश्नांत "पानी का स्वाद ठीक है?" हा एक होता. त्यावर लोक म्हणायचे, "हाँ ठीक ही है, थोड़ा खारा है." अशा माणसानं चव हा विषय स्वतःहून काढलेला नसतो. बिलाबद्दल मात्र कोणी विचारतच नव्हतं, तरी लोक बोलत होते. मी प्रत्येक १ च्या शेजारी 'स्वतःहून' की 'विचारल्यावर' अशी खूण केली. चवीच्या १७ पैकी ६ फक्त विचारल्यावर आल्या होत्या, म्हणजे स्वतःहून ११. बिलाच्या तेराच्या तेरा स्वतःहून. वाट पाहण्याच्या २१ पैकी १९ स्वतःहून. क्रमवारी मी 'स्वतःहून'वर लावली आणि एकूण आकडा शेजारच्या रकान्यात ठेवला. आणि हो, मोजण्याआधी फोन करणाऱ्याच्या ओळी ग्राहकाच्या ओळींपासून वेगळ्या करा, नाहीतर "कोई शिकायत तो नहीं?" हा प्रश्नच तक्रार म्हणून मोजला जातो.

आता बिल १३ आणि चव ११. बिल दुसऱ्या क्रमांकावर म्हणायचं का? मी कॉल क्रमांकांवरून सम आणि विषम असे दोन गट केले. वाट पाहणं: विषमात १०, समात ९. बिल: ८ आणि ५. चव: ५ आणि ६. वाट पाहणं दोन्ही गटांत वर, पण बिल आणि चव यांची जागा गटागणिक बदलली. इतक्या कमी कॉलवर दोनाचा फरक टिकत नाही. म्हणून अहवालात 'दुसरा-तिसरा क्रमांक: बिल आणि चव, बरोबरीत' असं लिहिलं. साहेबांना 'बरोबरीत' शब्द आवडत नाही, पण पुढच्या महिन्यात क्रम उलटला तर तोंडघशी पडण्यापेक्षा हे बरं.

एकट्यानं वाचलं की आपली हद्द आपल्यालाच सरकलेली कळत नाही. म्हणून १५ कॉल माझ्या एका सहकाऱ्याला माझ्या खुणा न दाखवता वाचायला दिले. दोघांच्या तक्त्यांची नुसती 'किती घरं जुळली' अशी टक्केवारी काढू नका. बहुतेक घरांत ० असतात, ते आपोआप जुळतात आणि आकडा फुगतो. निदान एकानं १ दिलेले कॉल घ्या आणि त्यातल्या कितींत दोघांनीही दिला ते बघा. चवीत ६ पैकी ५ जुळले. बिलात ७ पैकी ३च. भांडण एका वाक्यावर होतं: "एएमसी में था, फिर भी साढ़े चार सौ ले गया." मी ते बिलात धरलं होतं, त्यानं 'करार पाळला नाही' असा वेगळा रकाना काढला होता. आम्ही नियम लिहिला: आधी सांगितल्यापेक्षा वेगळे पैसे घेतले, मग कारण काहीही असो, ते बिलात. मग सगळे ६० कॉल त्या रकान्यासाठी पुन्हा वाचले. वर दिलेला १३ हा त्यानंतरचा आकडा आहे.

वाक्यं निवडताना सर्वांत तिखट वाक्य उचलायचा मोह होतो. तसं केलं तर एक चिडलेला माणूस सर्वांचा प्रतिनिधी होऊन बसतो. त्या रकान्यातली सगळी वाक्यं एकाखाली एक लिहा आणि ज्या तऱ्हेनं बरेच जण बोलले तसं एक घ्या. दुसरं असं घ्या ज्यात काय बिघडलं हे कळतं. वेगवेगळ्या कॉलमधली घ्या, दोन वाक्यं जोडून एक करू नका, आणि हिंदी हिंदीतच ठेवा. माझी पहिल्या क्रमांकाखालची दोन अशी होती: "कल-कल कर रिये थे, चार दिन निकल गए" (कॉल १७) आणि "मैं छुट्टी लेके घर बैठा, शाम को मैसेज आया कि कल आएँगे" (कॉल ४२). दुसऱ्या वाक्यामुळेच तिथे निरोप सकाळी दहाच्या आत जायला लागला. नाव, गल्ली, फोन नंबर काढा. कॉल क्रमांक ठेवा, म्हणजे कोणी शंका घेतली तर रेकॉर्डिंग लावता येतं.

एका कॉलमध्ये बाई म्हणाल्या होत्या, "मशीन को हाथ लगाओ तो झटका लगता है." साठांत एकच. क्रमवारीत ती तळाला जाते, आणि तीव्रतेचे गुण देऊन तिला ओढूनताणून वर आणलं तर कोणालाच आकडा समजत नाही. मी ती क्रमवारीबाहेर, पहिल्याच पानावर 'आजच बघा' म्हणून वेगळी लिहिली आणि अहवालाची वाट न पाहता फोन करून कळवली.

अजून एक, तुमच्या मजकुरात नसेल तर मागून घ्या: प्रत्येक कॉल कोणत्या महिन्यातला आणि कोणत्या वस्तीतला. बोरिंगच्या पाण्यावर चालणाऱ्या वस्त्यांत खारटपणाची तक्रार नर्मदेच्या नळापेक्षा जास्त येते, आणि मे महिन्यात टँकर सुरू झाले की आणखी वाढते. तुमचे ५४ कॉल मुख्यतः उन्हाळ्यातले असतील, तर चवीच्या आकड्याशेजारी महिना लिहा. फोन न उचललेल्यांची संख्याही लिहून ठेवा. सर्व्हिस सोडून दुसरीकडे गेलेले बहुधा त्यांच्यातच असतात, आणि त्यांची तक्रार या ५४ मध्ये नाही.

रकाने ठरले की पहिले दहा कॉल इथे टाका, नावं काढून. मी माझ्या खुणा करतो, मग तुमच्याशी ताडून पाहू.