सीईटीच्या निकालाचं कॅप्शन: काय लिहावं, काय गाळावं

प्रश्न: माझा बारावी सायन्सचा क्लास आहे. एमएचटी-सीईटीला ६४ मुलं बसली. तिघांना ९९ च्या वर पर्सेंटाइल आहे, १८ जणांना ९० ते ९९. 'जिल्ह्यात प्रथम', 'सीओईपीमध्ये निवड' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर: दोन्ही वाक्यं गाळा. स्कोअरकार्डवर पर्सेंटाइल असतं, जिल्ह्यातला क्रमांक नसतो. राज्य गुणवत्ता क्रमांक मिळतो तो कॅपची नोंदणी झाल्यावर लागणाऱ्या यादीत, आणि कॉलेज ठरतं ते त्याही पुढे, जागावाटपाच्या फेरीत. म्हणजे आज 'निवड' झालेलीच नाही. पर्सेंटाइलच्या जागी टक्के हा शब्दही नको. ९९.४१ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९९.४१ गुण नव्हेत, पण पालक नेमके तसंच वाचतात.

आता त्या तिघांबद्दल. प्रत्येकानं तुमच्याकडे नक्की काय केलं, ते आधी लिहून काढा. एखाद्यानं फक्त टेस्ट सिरीज घेतली असेल तर तसंच छापा. त्याला 'आमचा विद्यार्थी' म्हणून वर घेतलंत, तर टेस्ट सिरीजची बाकी सगळी मुलंही त्या ६४ मध्ये मोजलेली हवीत. बहुतेक जाहिराती खोट्या ठरतात त्या इथेच: यशस्वी मुलं सगळीकडून गोळा होतात आणि बसलेल्यांचा आकडा मात्र नियमित बॅचपुरताच राहतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला ती लागू आहेत, म्हणजे तुम्हालाही. फोटोसोबत नाव, रँक, कोर्स, त्याचा कालावधी आणि तो फी भरून केला होता का, हे द्यावं लागतं. विद्यार्थ्याची लेखी संमती निकालानंतर घ्यायची. प्रवेशाच्या फॉर्मवरची सही चालत नाही. मूल १८ च्या आतलं असेल तर मी पालकांचीही सही घेतो.

मी असं लिहीन:

"एमएचटी-सीईटी, पीसीएम गट. आमच्याकडची ६४ मुलं बसली, टेस्ट सिरीजची धरून. ९९ च्या वर पर्सेंटाइल: ३. ९० ते ९९: १८.
(नाव), ९९.४१, दोन वर्षांचा नियमित वर्ग, फी भरून.
(नाव), ९९.२६, एक वर्षाचा नियमित वर्ग, फी भरून.
(नाव), ९९.०८, फक्त टेस्ट सिरीज, तीन महिने, फी भरून.
सकाळी सातला फिजिक्सच्या शंका घेऊन दारात उभी राहणारी ही पोरं. शाब्बास! कॅपच्या फेऱ्या अजून व्हायच्या आहेत."

कोर्सची माहिती नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत ठेवा, खाली बारीक तळटीप नको. उरलेल्या ४३ जणांपैकी कुणाची मोठी प्रगती झाली असेल, तर त्याला विचारून वेगळी पोस्ट करा. कॉलेजांची नावं जागावाटप होऊन प्रवेश पक्के झाल्यावरच टाका.