पोषण आहाराच्या खोलीतली अस्वच्छता: मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहावं?

प्रश्न: मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. खिचडीत सोंडे निघतात, तांदळाची पोती ओल्या फरशीवर पडलेली असतात, खोलीत उंदीर आहेत. मुख्याध्यापकांना पत्र द्यायचं आहे, पण स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या पोटावर पाय यायला नको. काय आणि कसं लिहू?

उत्तर:

‘आहार निकृष्ट आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढंच लिहिलंत, तर ‘स्वयंपाकींना समज देण्यात आली’ असं उत्तर येईल आणि पोती ओल्या फरशीवरच राहतील. तुम्हाला जे नको आहे तेच होईल. म्हणून पत्रात माणसांबद्दल न लिहिता खोलीबद्दल लिहा: कोणत्या दिवशी काय दिसलं, त्याने काय बिघडतं आणि काय करून हवं.

लिहिण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालक सदस्याला सोबत घेऊन, मुख्याध्यापकांना सांगून खोली पाहा. या समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असतात आणि आहारावर देखरेख हे तिचं काम आहे, त्यामुळे तुम्ही कुणाच्या कामात नाक खुपसताय असं कुणी म्हणू शकत नाही. फोटो पोत्यांचे आणि भिंतीचे काढा, मुलांचे किंवा ताईंचे नको.

तिथे सगळ्यात आधी पोती मोजा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. ८० मुलं जेवत असतील तर दिवसाला ८ किलो, म्हणजे महिन्याच्या २२ शालेय दिवसांना १७६ किलो, पन्नास किलोची जेमतेम साडेतीन पोती. खोलीत नऊ-दहा पोती दिसली तर अडीच महिन्यांहून जास्त पुरेल इतका माल साठलाय. पुरवठा एकदम आला असेल किंवा मागचं पोतं मागेच राहून नवं आधी फोडलं जात असेल. सोंडे होतात ते बहुधा यामुळेच. पावसाळ्यात दमट पोत्यात अंडी घातली की महिना-दीड महिन्यात नवी पिढी बाहेर पडते. साठा नोंदवहीतली शिल्लक आणि तुमची मोजणी जुळत नसेल तर तेही लिहा, पण फक्त आकडे. चोरीचा आरोप या पत्रात घुसवू नका, नाहीतर स्वच्छतेचा विषय बाजूला पडतो.

‘धुऊन, शिजवून सगळं मरतं’ हा युक्तिवाद तुम्हाला ऐकवला जाईल. सोंड्यांपुरता तो बराचसा खरा आहे, मुलांच्या ताटात ते चालणार नाहीत तरी. पण ओलीने तांदळाला बुरशी धरली, वास कुबट आला, दाणे गठ्ठ्याने चिकटले, तर बुरशीची काही विषं शिजवूनही जात नाहीत. तो तांदूळ निवडायचा नाही, बाजूला काढायचा. उंदराचंही तसंच. तो रात्री पळीवरून, झाकणावरून, ताटांवरून फिरतो, आणि ही भांडी लागतात अन्न शिजून झाल्यावर.

एक गोष्ट मात्र पत्राची वाट न पाहता त्याच दिवशी तोंडी सांगा: त्या खोलीत उंदीर मारायचं औषध, धान्यात ठेवायच्या गोळ्या किंवा कीटकनाशकाचा रिकामा डबासुद्धा असता कामा नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेल्या तेलात आहार शिजला आणि २३ मुलं दगावली. उंदरांसाठी सापळा लावा, बिळं सिमेंटने बुजवा, दाराखालच्या फटीला पत्रा ठोका.

पत्राचा नमुना असा. यातले तपशील बदलून तुम्ही पाहिलेलेच घाला:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> जि. प. प्राथमिक शाळा, (गाव)
>
> विषय: शालेय पोषण आहाराचे धान्य साठवण व स्वयंपाकाच्या जागेची दुरुस्ती होणेबाबत.
>
> महोदय,
>
> माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकते. दि. ८ जुलै रोजी आपल्या परवानगीने, शाळा व्यवस्थापन समिती सदस्यांसह धान्याची खोली पाहिली. तेथे पुढील बाबी आढळल्या.
>
> तांदळाची ९ पोती थेट फरशीवर, भिंतीला टेकून आहेत. खालच्या २ पोत्यांचा तळ ओला असून तांदळास कुबट वास येतो. पोत्यांमागे उंदराच्या लेंड्या व भिंतीत बीळ आहे. तेलाचा डबा उघडा आहे. स्वयंपाकासाठी पाणी ज्या टाकीतून घेतले जाते तिला झाकण नाही.
>
> विनंती आहे की, ओली २ पोती आजच वापरातून काढून पंचनामा करावा व ती बदलून मिळण्यासाठी वरिष्ठांना कळवावे. आठ दिवसांत पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. डाळी, मीठ, मसाला घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावा. टाकी धुऊन तिला झाकण बसवावे. बीळ बुजवण्याचा खर्च शाळेकडे नसल्यास तसे ग्रामपंचायतीस लेखी कळवावे.
>
> वरील त्रुटी जागेच्या व साहित्याच्या आहेत. स्वयंपाकी व मदतनीस यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. हा विषय समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा व केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू, (सही, नाव, दिनांक)
> सोबत: फोटो ४

‘वरील त्रुटी’ने सुरू होणारा परिच्छेद गाळू नका. ताईंना तुटपुंजं मानधन मिळतं, फळ्या आणि डबे त्यांनी पदरचे आणावेत अशी अपेक्षा नाही. आणि पत्रात हे लेखी असलं की दोष त्यांच्यावर ढकलणं अवघड जातं.

स्वयंपाकाच्या पद्धतीबद्दल लिहायचं असेल तर एकच मुद्दा घ्या, वेळेचा. सकाळी नऊलाच खिचडी करून ती एक वाजता वाढली जाते का, ते पाहा. भातातल्या काही जंतूंची बीजं उकळूनही टिकतात. मोठ्या पातेल्यातला भात तासन्‌तास कोमट राहिला की ती वाढतात आणि विष सोडतात, मग उलट्या होतात. पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. वाढायच्या आधी तासाभरात शिजेल असं वेळापत्रक मागा, आणि उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये असंही. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घेऊन चव नोंदवहीत लिहायचं असतं. ती वही पाहायला मागा. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या असतील तर लगेच कळतं.

पत्राच्या दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच परत या. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आधी टाकले तर शाळा बचावात जाते, म्हणून तो मोह आवरा. आठ-दहा दिवसांत हालचाल नसेल तर त्याच पोचीची झेरॉक्स जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या. तिथे पोषण आहाराचे अधीक्षक असतात, त्यांचाही उल्लेख करा. मुलांना उलट्या-जुलाब झाले असतील तर हा क्रम विसरून आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आणि त्या दिवसाचं उरलेलं अन्न कुणी फेकण्याआधी स्वच्छ झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायला सांगा. ते गेलं तर तपासायला काहीच उरत नाही.