सिनियरला मेल पाठवण्याआधी

प्रिय,

तुझा मसुदा वाचला. इतक्यात पाठवू नकोस. भाषा ठीक आहे, पण वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं ते त्यात कुठेच नाही. ‘आमच्या प्रोजेक्टवर आपला बहुमूल्य अभिप्राय द्यावा आणि मार्गदर्शन करावे’, आणि सोबत 62 पानांचा रिपोर्ट. असा मेल आला की माणूस ‘रविवारी निवांत बघू’ म्हणून बाजूला ठेवतो आणि तो रविवार काही येत नाही. शिवाय सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’. ज्यांना लिहितेस त्या मॅडम तुमच्याच मेकॅनिकलच्या, आठ-दहा बॅच आधीच्या, आणि आज एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये आहेत. सर की मॅडम हे तुला ठाऊक आहे. मग तसंच लिही, नाहीतर हाच मेल वीस जणांना गेलाय हे पहिल्याच ओळीत कळतं.

आता प्रोजेक्टकडे येतो, कारण मेलची खरी अडचण तिथेच आहे. मोटरच्या बेअरिंगचं कंपन मोजून बिघाड ओळखायचा आणि अचूकता 98 टक्के, असं तुम्ही ठळक अक्षरात लिहिलंय. मेंटेनन्समधला माणूस हा आकडा बघून खूश होत नाही, त्याला शंका येते. मलाही आली, म्हणून रिपोर्ट उघडला. चांगल्या बेअरिंगचं एक लांबलचक रेकॉर्डिंग, भोक पाडलेल्या बेअरिंगचं दुसरं. दोन्हींचे एकेक सेकंदाचे तुकडे केले, पिसले, आणि त्यातलेच काही शिकवायला तर काही तपासायला घेतले. म्हणजे परीक्षेतले प्रश्न आधीच सोडवून घेतलेले. त्यात बेअरिंग बदलताना सेन्सरही काढून पुन्हा चिकटवला. मग मॉडेल बिघाड ओळखायला शिकलं, की सेन्सर कसा बसलाय ते ओळखायला शिकलं, हे आत्ता कुणीच सांगू शकणार नाही.

हे तपासायला एक दुपार पुरे. चांगलं बेअरिंग काढा, तेच परत बसवा, सेन्सर नव्याने लावा आणि नवं रेकॉर्डिंग घ्या. या रेकॉर्डिंगमधलं काहीही शिकवायला वापरायचं नाही. मॉडेलने त्याला ‘खराब’ म्हटलं, तर ते बेअरिंगबद्दल काही बोलतच नव्हतं. भोकवाल्या बेअरिंगचंही असंच करा. जो आकडा येईल तो मेलमध्ये घाला, कितीही पडलेला असला तरी. 98 टक्क्यांवर ‘छान, अभिनंदन’ यापलीकडे उत्तर येत नाही. पडलेल्या आकड्यावर मात्र जाणकार माणसाला बोलावंसं वाटतं, कारण असली दुखणी त्याने कारखान्यात पाहिलेली असतात.

आणि हो, रिपोर्टमधल्या फोटोत सेन्सर दुहेरी टेपने पंख्याच्या पत्र्याच्या जाळीवर चिकटवलेला दिसतो. तो आधी तिथून हलवा. जाळी स्वतःच थरथरते आणि मऊ टेप वरच्या फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतो. बेअरिंग ज्या ओतीव झाकणात बसतं, त्यावरचा रंग थोडा खरवडून तिथे सेन्सर पक्का चिकटवा. ही गोष्ट मॅडमना फोटो बघताक्षणी दिसेल, आणि मग पूर्ण उत्तर त्यावरच खर्ची पडेल. जे आपल्याला आपलं दुरुस्त करता येतं, ते विचारण्यात त्यांचा वेळ घालवू नये.

मग विचारायचं काय? तुम्हाला पुढे जो निर्णय घ्यायचाय तो. तुमचा ADXL345 सेन्सर सध्या आयटूसी जोडणीवर सेकंदाला 800 वाचनं देतो, म्हणजे 400 हर्ट्झच्या वरचं काही विश्वासाने दिसणार नाही. तुमच्या 6205 बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यातला दोष, मोटर 1490 आरपीएमने फिरत असताना, साधारण 89 हर्ट्झला दिसायला हवा. भोक मोठं आहे, तेव्हा तो दिसेलही. पण खऱ्या बेअरिंगमधला कोवळा दोष आधी किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डोकावतो आणि तिथे तुमचा सेन्सर आंधळा आहे. तोच सेन्सर एसपीआयवर जोडला तर 3200 वाचनं मिळतात, पण कोड पुन्हा लिहावा लागेल. दुसरी वाट म्हणजे आहे त्याच जोडणीवर वेगवेगळ्या लोडला मोजमापं घेणं. स्टेज टूच्या परीक्षणाला आठ आठवडे उरलेत, दोन्ही होणार नाही. यातलं काय निवडावं हे पुस्तकात सापडत नाही. रोज मोटरी बघणारा माणूस मात्र चार ओळींत सांगतो.

मेल तू इंग्रजीतच लिहिशील, मी आशय मराठीत देतो. विषय: ‘मोटर बेअरिंग प्रोजेक्ट: सॅम्पलिंग वाढवावं की लोड बदलून मोजावं?’ आणि मजकूर असा:

‘मॅडम, नमस्कार. मी आपल्याच कॉलेजच्या मेकॅनिकलच्या अंतिम वर्षाला आहे. आपला पत्ता माजी विद्यार्थी कक्षाकडून मिळाला. आमच्या गाइडना विचारून लिहिते आहे. आम्ही चौघं एका छोट्या इंडक्शन मोटरवर 6205 बेअरिंगचा बिघाड ADXL345 ने ओळखायचा प्रयत्न करतोय. सुरुवातीला 98 टक्के अचूकता आली, पण बेअरिंग काढून पुन्हा बसवल्यावर ती 71 वर आली. उरलेल्या आठ आठवड्यांत एकच काम होईल: सॅम्पलिंग 800 वरून 3200 वर नेणं, किंवा लोड बदलून जास्त मोजमापं घेणं. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण आमचा दोष मोठा आहे आणि 800 वरही दिसतो. आपल्या अनुभवात हा विचार कुठे चुकतोय का? सोबत एक फोटो आणि एक आलेख आहे. दोन ओळींचं उत्तरही पुरेल.’

71 हा आकडा मी वानगीदाखल घातलाय, तुमचा येईल तो लिही. ‘माझा कल’ हे वाक्य गाळू नकोस. कोऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर पहिल्यापासून विचार करावा लागतो, चुकीचा अंदाज खोडायला मात्र कुणालाही आवडतं. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एककं लिही. रिपोर्ट जोडू नकोस, मागितला तर पाठव.

मसुद्यातला ‘मेंटॉरिंग’ हा शब्द मी मुद्दाम काढला. अनोळखी मुलीसाठी सहा महिन्यांचं वचन कोण देईल? उत्तर आलं की ते करून बघा आणि पंधरा दिवसांत कळवा, विशेषतः त्यांचं सांगणं तुमच्याकडे लागू पडलं नाही तर. तेव्हा विचार, ‘परीक्षणापर्यंत महिन्यातून एकदा वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ त्या वेळी होकार येण्याची शक्यता बरीच जास्त.

त्यांच्या कारखान्यातला डेटा मागू नकोस. मसुद्यात तशी एक ओळ आहे, ती खोड. तो डेटा कंपनीचा, त्यांना देता येत नाही, आणि नकार द्यावा लागला की बाकीच्या प्रश्नाचं उत्तरही राहून जातं. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात पाठव. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण कर, आणि त्यात तोवर झालेलं एखादं नवं मोजमाप घाल. तरीही काही आलं नाही तर दुसऱ्या सिनियरला लिही, पण त्याच्या कामाला धरून प्रश्न बदल. सेन्सरच्या कंपनीत काम करणाऱ्याला लोडबद्दल विचारून काही उपयोग नाही.

आधी ती दुपार काढा. नवा आलेख मलाही पाठव, मेल त्यानंतर एकदा बघू.

तुझा,
सिनियर